त्याच केसला एकीकडे आठ, दुसरीकडे चार

बी.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी वॉर्डातला एक रुग्ण निवडते आणि काही दिवस त्याची शुश्रूषा करते. मग शिक्षकांसमोर त्याची केस मांडते: इतिहास, तपासणीतल्या नोंदी, नर्सिंग डायग्नोसिस, केअर प्लॅन, काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला. वर्ग मोठा असेल तर परीक्षक तीन-चार असतात आणि मुली त्यांच्यात वाटल्या जातात. कुणाच्या टेबलासमोर आपला नंबर लागला, यावर गुण ठरू लागले की ती परीक्षा राहत नाही.

एक कल्पित केस घेऊ. सीओपीडीचा बासष्ट वर्षांचा रुग्ण. श्वास मिनिटाला ३०, ऑक्सिजनचं प्रमाण ८६ टक्के, कफ घट्ट. विद्यार्थिनी सफाईदार इंग्रजीत, सुंदर चार्ट लावून केस मांडते. पण तिच्या यादीत पहिलं निदान ‘भूक मंदावणे’ आणि श्वासाची अडचण तिसऱ्या क्रमांकावर. गुणपत्रिकेत नुसतं ‘नर्सिंग डायग्नोसिस – १०’ असं लिहिलं असेल, तर एक परीक्षक म्हणेल, सगळी निदानं आली आहेत, आठ. दुसऱ्या मॅडम म्हणतील, जीव जिथे अडकलाय तेच मागे टाकलं, चार. दोघीही प्रामाणिक आहेत. त्या ओळीने त्यांना काय बघायचं ते सांगितलंच नाही.

म्हणून रुब्रिकची प्रत्येक ओळ डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल अशा गोष्टींवर लिहावी लागते. ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ हे शब्द काढून टाकावेत. याच ओळीत असं लिहिता येईल: सर्वांत धोकादायक अडचण पहिली ठेवली, रुग्णाच्याच किमान दोन नोंदी पुरावा म्हणून दिल्या आणि क्रमाचं कारण सांगितलं, तर ९-१०. क्रम आणि पुरावा बरोबर, पण कारण सांगता आलं नाही, तर ६-८. निदानं योग्य पण क्रम चुकला, किंवा रुग्णाच्या नोंदींशी न जोडता पुस्तकातली उतरवली, तर ३-५. डॉक्टरांचं ‘सीओपीडी’ हेच निदान म्हणून सांगितलं, तर ०-२. आता दोन्ही परीक्षकांना ३-५ मध्येच यावं लागेल. चार्टचं आणि बोलण्याचं कौतुक त्यांच्या वेगळ्या ओळीत, पन्नासपैकी पाचच गुणांत करावं. त्या ओळीतही मांडणीचा क्रम आणि स्पष्टता बघावी, इंग्रजीचे उच्चार नव्हे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचा विचार भाषेखाली दबू नये.

एक गोष्ट मात्र गुणांच्या बेरजेत विरघळू देऊ नये. सीओपीडीच्या ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यात ऑक्सिजनचं लक्ष्य साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात. ‘मी प्रवाह भरपूर वाढवून १०० टक्क्यांवर नेईन’ असं कुणी म्हणाली, तर बाकीची मांडणी कितीही चांगली असली तरी ‘रुग्णाला धोका’ ही स्वतंत्र नोंद व्हावी. तिला पुन्हा शिकवून ती केस पुन्हा मांडायला लावावी.

कागद चांगला झाला तरी परीक्षक एकत्र बसायला हवेत. परवानगी घेऊन, रुग्णाची ओळख पुसून ध्वनिचित्रित केलेली दोन-तीन प्रेझेंटेशन्स सगळ्यांनी बघावीत, न बोलता गुण लिहावेत आणि ओळीओळीने एकदम उघड करावेत. दहाच्या ओळीत दोनहून अधिक फरक आला की थांबावं. कोण बरोबर यावर वेळ न घालवता कोणतं वाक्य दोघांनी वेगळं वाचलं ते शोधावं आणि तिथेच बदलावं.

इथे आकडा फसवू शकतो. समजा, एका परीक्षकाने चार मुलींना ४२, ३८, ३५, ३० दिले आणि दुसऱ्याने ३६, ३२, २९, २४. क्रम तोच आहे आणि गुणांमधली अंतरंही तीच आहेत, त्यामुळे सहसंबंध काढला तर तो पूर्ण १ येतो. पण दुसरा परीक्षक प्रत्येकीला सहा गुण कमी देतो आहे. म्हणून दोघांच्या गुणांची सरासरीही शेजारी ठेवून बघायला हवी. माझ्या मते अशी कडक किंवा सैल हाताची सवय प्रशिक्षणाने कमी होते, पण पूर्ण जात नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक मुलीला दोन परीक्षक, स्वतंत्र गुण, सरासरी आणि दर सत्रात बदलत्या जोड्या. मनुष्यबळ नसेल तर निदान काठावरच्या आणि ‘धोका’ नोंद झालेल्या केसेस तरी दुसऱ्याने बघाव्यात.

नर्सिंगच्या शिक्षकांना एक विनंती: हा तक्ता परीक्षेच्या सकाळी बाहेर काढू नका. वॉर्डातल्या पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी, गुण देऊन दाखवलेल्या एका नमुना केससह, तो मुलींच्या हातात द्या.