पहिल्या गिऱ्हाइकांवर किती भरवसा ठेवावा?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1928च्या सुमारास मक्याचं संकरित बियाणं आलं. त्याचं पीक जास्त येई आणि ते दुष्काळातही तग धरी. तरी गावंच्या गावं त्याच्याकडे वळायला दहा-बारा वर्षं गेली. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी 1943 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक गोष्ट पुढे आली. बियाण्याची माहिती अनेकांना आधी विक्रेत्याकडून कळली होती, पण ते पेरायचं धाडस बऱ्याच जणांनी केलं ते शेजाऱ्याचं ऐकून.

आयोवातच शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या एव्हरेट रॉजर्स यांनी 1962च्या पुस्तकात नवी वस्तू स्वीकारणाऱ्यांचे पाच गट मांडले. सर्वांत आधी उडी घेणारे अडीच टक्के, त्यांच्यामागे साडेतेरा टक्के, मग चौतीस-चौतीस टक्क्यांचे दोन मोठे गट आणि शेवटी सोळा टक्के. हे आकडे माणसं मोजून आलेले नाहीत. वस्तू स्वीकारायला सरासरी किती काळ लागला, त्यावरून आलेख कापून ते ठरवले आहेत. त्यामुळे कोण कुठल्या गटातला, हे नक्की कळतं ते वस्तू सगळीकडे पसरल्यावरच.

माझ्या मते गॅजेट विकणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते पहिल्या दोन गटांतल्या फरकाकडे. पहिल्या गटाला नवेपणाचीच ओढ असते. पैसे बुडाले तरी त्याला चालतं, पण त्याचं पाहून शेजारी वस्तू घेतीलच असं नाही. दुसऱ्या गटातली माणसं विचार करून घेतात, म्हणून त्यांच्या शब्दाला आजूबाजूला वजन असतं.

गूगल ग्लासचं घोडं इथेच अडलं. कॅमेरा आणि छोटा पडदा असलेला हा चष्मा 2013 साली निवडक उत्साही लोकांना 1,500 डॉलरला मिळू लागला. तंत्रज्ञानवेड्यांनी तो हौसेने घातला. पण समोरच्याला आपलं चित्रीकरण होतंय की काय, अशी धास्ती वाटायची. काही बारनी तर चष्मा घालून येणाऱ्यांना दारातच मनाई केली. घालणारा जितका नजरेत भरे, तितकी पाहणाऱ्यांची नाराजी वाढे, आणि रोज वापरायची कोणती गरज तो भागवतो याचंही ठोस उत्तर नव्हतं. जानेवारी 2015मध्ये ही विक्री थांबली. पुढे 2017मध्ये तो कारखान्यांसाठी आला. जोडणी करणाऱ्या कामगाराला हात न थांबवता सूचना वाचता येत, म्हणून तिथे त्याला काम मिळालं.

म्हणून पहिल्या आठवड्यातली विक्री पाहून मोठा माल भरू नये. तीन महिन्यांनी किती जण ते गॅजेट रोज वापरतात आणि नवं गिऱ्हाईक कोणाच्या सांगण्यावरून आलं, हे विचारावं. ‘ओळखीच्याकडे पाहिलं’ असं उत्तर वारंवार येऊ लागलं, की तिसऱ्या गटाची तयारी सुरू करावी. या गटाला नवलाई नको असते. बिघडलं तर दुरुस्ती कुठे होईल, बॅटरी मिळेल का आणि मराठीत सूचना आहेत का, हे तो आधी विचारतो.