बिलावरचं शून्य आणि जीएसटी

दुकानदार १०० रुपयांचा एक असे दहा डबे घेतो आणि योजनेत अकरावा फुकट येतो. बिलात त्या ओळीपुढे शून्य असतं. मग त्यावर जीएसटी? नाही. कायद्याच्या नजरेत अकरा डबे मिळून हजार रुपयांना विकले गेले. १८ टक्क्यांनी कर १८० रुपये. विक्रेत्याचं इनपुट क्रेडिटही शाबूत राहतं. बिलातच १०० रुपये सूट दाखवली, तर कर ९०० रुपयांवर, म्हणजे १६२.

ओळख व्हावी म्हणून ग्राहकाला नुसतं सॅम्पल दिलं, तर गोष्ट वेगळी. मोबदला नाही म्हणून कर नाही, पण त्या मालासाठी घेतलेलं क्रेडिट कलम १७(५) नुसार परत करावं लागतं. चूक नेमकी इथे होते, आणि ती व्याजासकट भरावी लागते. योजनेचा माल आणि सॅम्पल यांची नोंद वेगळी ठेवा.