तीन पेले, एक नाणं आणि माझा फसलेला if

मागच्या सुट्टीत मी फोनवर पायथनमध्ये एक छोटा खेळ लिहिला. तीन पेले उपडे, एकाखाली नाणं. पेल्यांची अदलाबदल होते आणि शेवटी नाणं कुठे आहे ते ओळखायचं. धाकट्या बहिणीने डोळ्यांनी नीट माग ठेवून उत्तर दिलं, "दुसरा पेला." प्रोग्राम म्हणाला, चूक, पहिला! ती चिडली. आणि खरं सांगू? बरोबर तीच होती.

नाणं पहिल्या जागेवर होतं. अदलाबदली अशा होत्या: 1-2, 2-3, 1-3, 1-2. आता सगळे पेले लक्षात ठेवायची गरज नाही. फक्त नाण्याची जागा धरायची. तिचा आकडा जोडीत असेल तर तो दुसऱ्या आकड्यावर न्यायचा, नसेल तर काहीच करायचं नाही. म्हणजे नाणं 1 वरून 2 वर, मग 3 वर, मग 1 वर आणि शेवटी 2 वर.

माझा कोड असा होता:

```
if coin == a:
    coin = b
if coin == b:
    coin = a
```

पहिल्या ओळींनी नाणं a वरून b वर जातं. लगेच दुसरा if बघतो की नाणं b वर आहे, आणि त्याला परत a वर आणतो! त्यामुळे नाणं पहिल्या जागेवरून हललंच नाही. उपाय एका शब्दाचा: दुसऱ्या if च्या जागी elif. मग दोन्हीपैकी एकच गोष्ट होते.

उत्तर तपासायचं असेल तर शेवटून उलटं या. 2 पासून निघालात तर 1, 3, 2 आणि 1, म्हणजे मूळ जागा मिळते. माझ्या प्रोग्रामच्या 1 पासून उलटं गेलो तर 3 वर पोचतो. म्हणजे उत्तर चुकलंय.

रांगेतल्या माणसांच्या कोड्यात मात्र आणखी एक खाच आहे. अमित, बाळू, सीमा असे उभे आहेत. आधी पहिल्या आणि दुसऱ्या जागेवरच्यांनी जागा बदलल्या: बाळू, अमित, सीमा. मग "अमित आणि सीमाने जागा बदलल्या" असं म्हटलं, तर अमित आता दुसऱ्या जागेवर आहे हे आधी बघायला हवं. उत्तर: बाळू, सीमा, अमित. अमितची सुरुवातीची जागा धरून पहिली आणि तिसरी जागा बदलली, तर सीमा, अमित, बाळू असं चुकीचं उत्तर येतं. इथे सगळ्यांच्या जागा विचारल्यात, म्हणून प्रत्येक पायरीला पूर्ण रांग नव्याने लिहायची.

elif टाकल्यावर बहिणीला पुन्हा खेळायला बसवलं. या वेळी प्रोग्रामनेही "दुसरा" म्हटलं. तिने मात्र आधीचा एक गुण मागून घेतलाच.