उतारा एक, नकाशा एक, आणि मधली कोयना

भूगोलाच्या पेपरात उतारा आणि नकाशा शेजारीशेजारी देतात, तेव्हा बरेच जण उतारा वाचून उत्तरं लिहितात आणि नकाशा राहूनच जातो. पण काही उत्तरं दोन्ही जुळवल्याशिवाय मिळतच नाहीत. कसं, ते कोयना नदीवरून बघूया.

समजा, उतारा असा आहे: ‘कोयना महाबळेश्वरजवळ उगम पावते. सुमारे ६५ किमी दक्षिणेकडे वाहून ती हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या पाण्यावर पोफळीला वीज तयार होते.’

आता नकाशा घ्या. त्याचं प्रमाण १ सेमीला १० किमी आहे. पहिला गोंधळ इथेच होतो. उतारा म्हणतो नदी दक्षिणेला वाहते, पण नकाशात हेळवाकच्या उत्तरेला बारीक निळ्या रेषेऐवजी लांबट निळा पट्टा दिसतो. सूची बघा, तो जलाशय आहे. हेळवाकजवळ धरण आहे, त्यामुळे पाणी त्याच दक्षिणोत्तर दरीत मागे साठलंय. म्हणजे उतारा आणि नकाशा एकाच दरीबद्दल बोलतायत.

दुसरा प्रश्न अंतराचा. महाबळेश्वर ते हेळवाक पट्टीने मोजा, साधारण ६ सेमी येतं, म्हणजे ६० किमी. उताऱ्यातले ६५ किमी नदीच्या वाटेचे आहेत. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे इथे नदी बरीच सरळ वाहते.

हीच तुलना चूक पकडायलाही उपयोगी पडते. समजा, हातातली प्रत दीडपट मोठी केलेली झेरॉक्स आहे. मग पट्टीवर ९ सेमी येतील आणि उत्तर ९० किमी! पण सरळ अंतर नदीच्या वाटेपेक्षा जास्त असूच शकत नाही. असं दिसलं की शब्दांत लिहिलेलं प्रमाण सोडा आणि रेषाप्रमाण वापरा. ती छोटी रेघ नकाशाबरोबरच मोठी होते, त्यामुळे तिच्यावरून अंतर बरोबर येतं.

शेवटचा प्रश्न: नदी पूर्वेला वळते, तर पोफळीला वाहणारं पाणी कोणत्या दिशेला जातं? बाण नसेल तर रेखावृत्तं बघा, ती दक्षिणोत्तर असतात. त्यांच्या आधाराने पोफळी जलाशयाच्या पश्चिमेला निघते, आणि मध्ये सह्याद्रीची मुख्य रांग आहे. सूचीतले उंचीचे रंग सांगतात की रांगेपलीकडे जमीन एकदम खाली, कोकणात उतरते. म्हणून पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन त्या उतारावर वीज बनवतात. ते पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रात जातं, तर कराडला पोचलेलं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे.

उताऱ्यात ‘पोफळी’ हा एकच शब्द होता. एकाच नदीचं पाणी दोन समुद्रांकडे जातं, हे कळलं नकाशामुळे.