इंजिनिअरिंगचा खर्च : शिष्यवृत्ती, शिल्लक आणि कर्जाची सांगड

शैक्षणिक कर्ज किती घ्यावे, याचे उत्तर बहुतेक घरांत बँकेत मिळते. शाखेत कॉलेजचे फी-पत्रक दाखवले जाते, अधिकारी फी, वसतिगृह आणि लॅपटॉप यांची बेरीज करतो, आणि जेवढे कर्ज बसते तेवढे मंजूर होते. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यानंतर केव्हातरी भरला जातो, आणि घरची शिल्लक ‘असू दे अडीअडचणीला’ म्हणून तशीच राहते. क्रम असा उलटा पडला की गरजेच्या दीडपट-दुप्पट कर्ज अंगावर येते. हिशेब शिष्यवृत्तीपासून सुरू करावा, मग शिल्लक मोजावी आणि उरलेली तूट तेवढीच कर्जाने भरावी.

महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. तिचे दोन भाग असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा वाटा मिळतो, विकास शुल्काचा मिळत नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलाला शिक्षण शुल्काचा निम्मा भाग मिळतो. २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा लाभ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही वाट बंद होते. म्हणून कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना ‘या जागेवर शिष्यवृत्ती मिळेल का’ हा प्रश्न कट-ऑफच्या बरोबरीने पाहायला हवा.

एक उदाहरण घेऊ. त्यातले आकडे नमुन्याचे आहेत. संगमनेरचे कुटुंब, वार्षिक उत्पन्न ६ लाख, मुलगा खुल्या प्रवर्गातला. त्याला पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॅपमधून जागा मिळाली आहे. शिक्षण शुल्क वर्षाला १,३०,००० आणि विकास शुल्क १५,००० रुपये. परीक्षा व किरकोळ फी ५,०००, वसतिगृह आणि मेस मिळून पहिल्या वर्षी ९५,०००, प्रवास आणि हातखर्च २०,०००. मेसचे दर वाढतात, म्हणून वसतिगृहाचा आकडा दरवर्षी ५,००० रुपयांनी वाढवून धरला. पहिल्या वर्षी लॅपटॉपचे ५५,०००. चार वर्षांची बेरीज ११,४५,००० रुपये होते.

यातून आधी शिष्यवृत्ती वजा करायची. निम्मे शिक्षण शुल्क म्हणजे वर्षाला ६५,०००, चार वर्षांत २,६०,०००. परीक्षा शुल्कातली किरकोळ बचत सोडून दिली आहे. उरले ८,८५,०००.

मग शिल्लक. घरात साडेतीन लाखांच्या ठेवी आहेत. त्यातले दीड लाख दवाखाना किंवा नोकरी जाण्यासारख्या प्रसंगासाठी बाजूला ठेवायचे. ते या हिशेबात धरायचेच नाहीत. राहिले दोन लाख. याशिवाय पगारातून दरमहा ६,००० काढता येतात, म्हणजे वर्षाला ७२,००० आणि चार वर्षांत २,८८,०००. अनेक घरे ही मासिक रक्कम विसरतात आणि फक्त बँकेतल्या ठेवींकडे पाहून कर्जाचा आकडा ठरवतात. शिल्लक आणि मासिक वाटा मिळून ४,८८,००० होतात. तूट उरते ३,९७,००० रुपयांची.

हा आकडा ४ लाखांच्या आत आहे, हे चांगले. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि तारणही लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के हिस्सा लागतो. शिष्यवृत्तीची रक्कमही या हिश्श्यात धरता येते, पण शाखेत हे आपणहून सांगितले जाईलच असे नाही.

कर्जाबाबत ठरवायच्या दोन गोष्टी असतात, मंजुरी कितीची आणि उचल केव्हा. मंजुरी पहिल्याच वर्षी घेणे सोयीचे, कारण वर्षे सरत गेल्यावर नव्याने कागदपत्रे करण्यात फी भरण्याची तारीख निघून जाते. उचल मात्र टप्प्याटप्प्याने होते, आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागते. संगमनेरच्या कुटुंबाने पहिल्या वर्षी लागणारे २,५५,००० मासिक वाट्यातून आणि ठेवीतून भागवले तर कर्जाची उचल दुसऱ्या वर्षी १,१६,०००, तिसऱ्या वर्षी १,३८,००० आणि चौथ्या वर्षी १,४३,००० अशी होते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते आणि तोवर साधे व्याज लागते. व्याजदर १० टक्के धरला तर परतफेड सुरू होईपर्यंत सुमारे १,१६,००० रुपये व्याज साचते.

हेच कर्ज आधी उचलले आणि ठेव शेवटी मोडली, तर साचलेले व्याज सुमारे १,६९,००० होते. फरक ५३,००० चा दिसतो, पण तो सगळा नफा नव्हे. ठेव दोन-तीन वर्षे अधिक राहिली असती तर साडेसहा टक्क्यांनी तिच्यावर सुमारे ३५,००० व्याज आले असते. खरा फायदा १७-१८ हजारांच्या घरात आहे. ठेव आधी वापरण्याचे मोठे कारण वेगळे आहे. पहिल्या वर्षात मुलाने शाखा किंवा कॉलेज बदलले, शिष्यवृत्ती अडकली किंवा घरचे उत्पन्न घटले, तर कर्ज अजून उचललेले नसते आणि आकडा नव्याने ठरवता येतो.

अवाजवी कर्ज म्हणजे किती, हे पहिल्या पगाराशी ताडून पाहावे. वरच्या उदाहरणात परतफेडीच्या सुरुवातीला देणे सुमारे ५,१३,००० होते. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता ८,५०० च्या आसपास येतो. कॉलेजच्या प्लेसमेंटमधले सर्वांत मोठे पॅकेज जाहिरातीत असते, पण हिशेबाला मधल्या विद्यार्थ्याला हातात पडणारा पगार लागतो. तो २५,००० धरला तर हप्ता एक तृतीयांश होतो. परगावी भाडे देऊन राहणाऱ्याला त्याहून जास्त झेपणे कठीण आहे. आता याच कुटुंबाने शिष्यवृत्तीचा विचार न करता आणि ठेवीला हात न लावता साडेसात लाखांचे कर्ज चार समान हप्त्यांत उचलले असते, तर व्याजासह देणे दहा लाखांवर गेले असते आणि हप्ता १६,८०० च्या आसपास आला असता. म्हणजे त्याच पगाराचा दोन तृतीयांश भाग.

शिकत असतानाच व्याज भरत गेले तर देणे ३,९७,००० च्या पुढे जात नाही आणि हप्ता सुमारे ६,६०० वर येतो. चौथ्या वर्षी हे व्याज महिन्याला ३,३०० पर्यंत जाते, आधीच्या वर्षांत त्याहून कमी. अनेक बँका असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरात एक टक्क्याची सूट देतात. मासिक ६,००० मधून हे भागणार नाही, तेवढी वेगळी सोय हवी. ती नसेल तर जमेल त्या महिन्यांत जमेल तेवढे भरले तरी साचणारे व्याज कमी होते.

सरकारी व्याज सवलत आणि शिष्यवृत्ती यांत निवड करावी लागू शकते. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्यांना मिळत नाही. ४ लाखांवर ३ टक्के म्हणजे वर्षाला १२,०००, आणि शिष्यवृत्ती ६५,०००. इथे निवड सोपी आहे.

कर्ज वाढते ते बहुधा शिष्यवृत्तीच्या उशिरामुळे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरला जातो, कॉलेज छाननी करते, मग विभागाकडे जातो. पैसे येईपर्यंत वर्ष सरून जाऊ शकते. दरम्यान कॉलेज पूर्ण फी मागते, कुटुंब बँकेतून पूर्ण फीची उचल घेते. नंतर शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते आणि हळूहळू मोबाइल, बाइक, घरखर्च यांत विरते. त्या ६५,००० चे कर्ज मात्र तसेच राहते. यावर उपाय असा की उचल निम्म्या शिक्षण शुल्काचीच मागायची, आणि कॉलेजकडे शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थी म्हणून उरलेली फी भरण्याची लेखी विनंती द्यायची. पूर्ण फी भरावीच लागली तर शिष्यवृत्तीची रक्कम येताच त्याच आठवड्यात कर्ज खात्यात भरावी. शैक्षणिक कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड लागत नाही. शाखेला ही रक्कम मुद्दलात जमा करा असे लिहून द्यावे आणि पुढच्या महिन्याच्या विवरणात ते झाले का पाहावे.

अर्ज अडकला आहे हे वेळेत ओळखता येते. पोर्टलवरची स्थिती दोन महिने कॉलेज पातळीवरच दिसत असेल तर शिष्यवृत्ती कारकुनाकडे जाऊन त्रुटी विचारावी. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयाचा आणि चालू मुदतीचा हवा. बँक खाते आधारशी जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही परत जाते. अर्जाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते, हजेरीची अट असते, आणि वर्ष राहिले तर त्या वर्षाचा लाभ सुटतो. शिष्यवृत्ती एक वर्ष हुकली तर ६५,००० ची तूट येते. ती बाजूला ठेवलेल्या दीड लाखातून तात्पुरती भागवता येते, पण तेवढी रक्कम पुढच्या महिन्यांत परत भरून काढायची असते. वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डाने ही तूट भरू नये, त्यांचा व्याजदर बराच जास्त असतो आणि परतफेड लगेच सुरू होते.

दरवर्षी जूनमध्ये हा तक्ता पुन्हा मांडावा. वर्षभरात खरोखर झालेला खर्च, आलेली शिष्यवृत्ती, ठेवीत उरलेले पैसे आणि कर्जाचे विवरण समोर ठेवून पुढच्या वर्षाची उचल ठरवावी. मंजूर रकमेपैकी न उचललेला भाग तसाच सोडून दिला तरी चालतो, त्यावर व्याज लागत नाही. जुनी करप्रणाली निवडलेल्या पालकाला किंवा मुलाला, जो प्रत्यक्ष फेडतो त्याला, व्याजाची वजावट व्याज भरायला सुरुवात केल्यापासून आठ वर्षांपर्यंत मिळते, मुद्दलाची मिळत नाही. म्हणून केवळ कर वाचेल या आशेने कर्जाचा आकडा वाढवण्यात अर्थ नाही.