काजव्यांचं झाड आणि साठ फ्रेम

पावसाच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडीकडून काजव्यांचे फोटो येऊ लागले की मासिकाच्या संपादकाची फ्रीलान्स फोटोग्राफरला साधारण अशी मेल जाते : "नमस्कार. फोटो छापायचा आहे. त्यात वापरलेल्या सगळ्या फ्रेमच्या रॉ फाइल्स आणि त्यांच्या आगेमागच्या काही फ्रेम पाठवाल का? ठिकाण, वेळ, बॅटरी किंवा फ्लॅश वापरला का, हेही कळवा. फाइल्स फक्त पडताळणीसाठी आहेत, नंतर पुसून टाकू."

नवख्याला यात संशय दिसतो. पण काजव्यांचा फोटो कसा होतो हे पाहिलं की प्रश्न रास्त वाटतात. शटर तीस सेकंद उघडं ठेवलं तरी एका फ्रेममध्ये बहुधा तुरळक ठिपकेच उमटतात. झाड लखलखायला हवं असेल तर ट्रायपॉड न हलवता समजा साठ फ्रेम काढतात आणि एकावर एक रचतात. झाडाचा आकार दिसावा म्हणून संधिप्रकाशातली एक फ्रेम तळाशी घालतात. वाचक ज्याला क्षण समजतो, तो खरं तर अर्धा तास असतो. यात लबाडी नाही, फक्त फोटोओळीत तसं लिहायला हवं.

रॉ फाइल ही सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद. रंग-उजेडाचे बदल सहसा तिच्यात मिसळत नाहीत, वेगळे नोंदले जातात. वेळ आणि शटरचा वेगही तिच्यात असतो. फोटोतलं आकाशही साक्ष देतं. अर्ध्या तासात ते साडेसात अंश फिरतं, म्हणजे साठही फ्रेममधलं आकाश वापरलं असेल तर ताऱ्यांच्या रेघा उमटायला हव्यात. तारे टिंबांसारखे दिसले तर आकाश एखाद्याच फ्रेममधलं, किंवा भलत्याच रात्रीचं!

आगेमागच्या फ्रेम का, याचं उत्तर २०१७च्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत आहे. ब्राझीलच्या एमास उद्यानातलं चमकत्या अळ्यांचं वारूळ आणि त्यापाशी आलेला मुंगीखाऊ, अशा फोटोला एका विभागात पारितोषिक मिळालं. पुढे शंका आली. फोटोग्राफरने आधीच्या-नंतरच्या रॉ फाइल्स दिल्या, पण मुंगीखाऊ त्या एकाच फ्रेममध्ये होता. तज्ज्ञांनी त्याची उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेल्या पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी तुलना केली. अंगावरच्या खुणा, केसांचे झुपके जुळले. २०१८मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने पारितोषिक काढून घेतलं. फोटोग्राफरने आरोप नाकारला.

म्हणजे रॉ फाइल भिंगासमोर काय होतं ते सांगते, ते तिथे कसं आलं ते नाही. म्हणूनच मेलमध्ये बॅटरीचा प्रश्न असतो. काजव्यांची चमक ही जोडीदारासाठीची खूण आहे, उजेडात ती हरवते. ठिकाण मात्र संपादकाला सांगावं आणि छापताना गाळायला सांगावं. नेमकं झाड कळलं की पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांचे हेडलाइट पोहोचतात.