घर चाकांच्या खुर्चीला सोयीचे कसे करावे

घरातले एखादे माणूस झाडावरून पडून किंवा आजाराने पायांनी अधू होते, आणि चाकांची खुर्ची घरी येते. पहिल्याच दिवशी ती माजघराच्या दारात अडते. मग घरचे लोक खुर्चीसकट माणसाला उचलून आत नेतात आणि पुढे रोज उचलतच राहतात. वास्तविक बहुतेक जुनी घरे न पाडता या कामाला उपयोगी पडतात. मात्र गवंड्याला बोलावण्याआधी हातात मापाची पट्टी घेतली पाहिजे.

पहिले माप खुर्चीचे घ्या, आणि तेही माणूस तीत बसलेला असताना. रिकामी खुर्ची मापली की फसगत होते, कारण पावले पुढे येतात आणि कोपरे बाहेर जातात. मोठ्या माणसाची खुर्ची बाहेरच्या कड्यापासून कड्यापर्यंत साधारण २५ इंच रुंद भरते. पायांच्या बोटांपासून मागच्या मुठीपर्यंत लांबी साडेतीन फूट, म्हणजे ४२ इंच, किंवा थोडी अधिक. तुमच्या खुर्चीचे माप वेगळे असेल तर तुमचेच खरे माना.

आता दाराकडे वळू. समजा, घर तीन खणांचे आहे: पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि त्याला लागून न्हाणीघर. ओटीच्या दाराची चौकट आतून ३६ इंच, माजघराची ३१ आणि न्हाणीची अवघी २४. माजघराचे दार ३१ इंचांचे आणि खुर्ची २५ इंचांची, तेव्हा ती जाईल असे वाटेल. पण दाराला दोन झडपा आहेत, आणि उघडल्यावर प्रत्येक झडप आपल्या जाडीइतकी, म्हणजे सव्वा इंच, वाटेत उभी राहते. उरले साडेअठ्ठावीस इंच. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन-पावणेदोन इंच. एवढ्या जागेतून चाक जाते, पण चाकाची कडी धरलेली बोटे जात नाहीत. बोटांची सालटी कुठे निघतात ते पाहिले की दार कुठे अरुंद आहे ते कळतेच. म्हणून दाराची रुंदी चौकटीत न मापता उघड्या झडपांच्या मध्ये मापावी. सरळ जायचे असेल तर ती निदान ३२ इंच असावी. अरुंद बोळातून वळून शिरायचे असेल तर ३६ इंच, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर, हवी.

माजघराला तोडफोड नको. दोन्ही झडपा काढून ठेवा आणि पडदा लावा. ३१ इंच पूर्ण मिळाले, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच. नियमाला एक इंच कमी आहे खरे, पण सरळ वाटेवर एवढ्याने काम भागते. जिन्नस कुलपात ठेवण्याचे घर असेल तर अर्थात ही युक्ती चालणार नाही.

न्हाणीचे २४ इंचांचे दार मात्र वाढवलेच पाहिजे. ते कोणत्या बाजूला वाढवायचे हे वर पाहून ठरवावे. तुळईचे टोक जिथे भिंतीवर टेकले असेल ती बाजू फोडू नये. मातीच्या किंवा भेंड्यांच्या भिंतीत तर मुळीच नाही. नवे दार एकाच झडपेचे आणि बाहेर उघडणारे करा. याचे कारण असे, की माणूस आत खुर्चीवरून खाली पडला तर त्याच्या अंगाने आत उघडणारे दार अडते आणि मदतीला आलेल्याला शिरता येत नाही.

दारापाशीच आणखी एक मोठी अडचण असते, ती उंबऱ्याची. अर्धा इंच उंची चाक ओलांडते. चार इंच नाही. दोन्ही बाजूंना उतार करू, असे पुष्कळजण म्हणतात. पण एका इंचाला बारा इंच या हिशेबाने चार इंचांच्या उंबऱ्याला चार फूट उतार अलीकडे आणि चार फूट पलीकडे लागतो. एवढी जागा माजघरात कुठली? शिवाय झडप उंबऱ्याच्या आतल्या अंगाला खाली उतरलेली असेल तर ती उतारावर अडते. म्हणून आतले उंबरे काढावेत. काढण्यापूर्वी चौकटीचे उभे खांब लोखंडी पट्ट्यांनी भिंतीत पक्के करून घ्यावेत, कारण ते उंबऱ्यानेच जखडलेले असतात. पुढच्या दाराचा उंबरा पुजेचा असतो. आजीबाई तो काढू देणार नाहीत, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची गरजही नाही. ओटीवर जागा असते, तिथे उतार करता येतो. आत मात्र भराव घालून पहिल्या खणाची जमीन उंबऱ्याच्या बरोबरीला आणावी लागते.

हे झाले दाराचे. दारातून आत गेलेली खुर्ची वळली पाहिजे, नाहीतर माणूस भिंतीकडे तोंड करून बसेल. पूर्ण वळायला पाच फूट व्यासाचे वर्तुळ लागते. जमिनीवर खिळा रोवा, अडीच फूट दोरी बांधा आणि दुसऱ्या टोकाला कोळसा बांधून वर्तुळ काढा. वर्तुळात कणगी, पेटी, पाट-वरवंटा जे येईल ते हलवा. बाज हलवायला जागा नसेल तर तिच्या पायांखाली विटा द्या; खालची जागा नऊ-दहा इंच मोकळी झाली की पावले तिच्याखालून फिरतात. प्रत्येक खोलीत वर्तुळ मावेलच असे नाही. आपल्या उदाहरणातली न्हाणी साडेचार फूट रुंद आहे, तिथे ते मावत नाही. तेव्हा आत सरळ जावे आणि मागे सरकत बाहेर यावे. फक्त दाराबाहेर स्वयंपाकघरात ते वर्तुळ राखावे. जमीन ओल्या सारवणाची असेल तर पुढची लहान चाके रुततात. चाकांच्या वाटेवर तरी शहाबादी फरशी घालावी.

शेवटी हाताची पोच. बसलेल्या माणसाला भिंतीशी नेऊन हात वर आणि खाली पुरेल तिथे खडूने खूण करायला सांगा. साधारणपणे वर चार फूट आणि खाली सव्वा फूट, एवढाच पट्टा मिळतो. पुढे खोल फळी किंवा ओटा असेल तर वरची पोच आणखी कमी होते. विजेची बटणे, खुंटी, कपड्यांची दांडी, औषधांचा कोनाडा या पट्ट्यात आणावेत. बटण खोलीच्या कोपऱ्यात असेल तर उंची बरोबर असूनही हात पोचत नाही, कारण पावले आधी भिंतीला लागतात. कोपऱ्यापासून ते दीड-दोन फूट दूर हवे. पाण्याचा माठ जमिनीवरून उचलून तिवईवर ठेवा आणि त्याला तोटी बसवा.

स्वयंपाकाचा ओटा वरून ३० ते ३२ इंचांचा करून खाली गुडघ्यांसाठी २७ इंच मोकळे सोडावे. इथे एक सावधगिरी सांगतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या पुष्कळांना पायांना चटका बसलेला कळत नाही. गरम पातेले मांडीवर ठेवून नेऊ देऊ नका. ओट्याच्या कडेला अर्धा इंच उंचवटा ठेवा, म्हणजे सांडलेले दूध किंवा कढ मांडीवर उतरणार नाही.

आणि कडी पाहा. जुन्या दारांची कडी वर, चौकटीच्या माथ्याला असते. बसलेल्या माणसाला ती लावता येत नाही आणि काढताही येत नाही. न्हाणीघराची कडी तीन फुटांवर आणा, आणि ती बाहेरूनही उघडता येईल अशी निवडा. सुताराचे हे तासाभराचे काम आहे. भिंत फोडण्याआधीही ते करून घेता येते.